अमेरिकेतला मुलगा, बडोद्यातली ठेव आणि मधला एक दाखला

एप्रिल उजाडला की दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात काही ठरावीक चेहरे दिसू लागतात. हातात बँकेचं पत्र असतं आणि पत्रातल्या एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली असते: 'टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट व फॉर्म १०एफ सादर करावा, अन्यथा पूर्ण दराने करकपात केली जाईल.' पत्र घेऊन येणारे बहुतेक सत्तरीचे असतात. ठेव असते मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर, आणि ती मुलं न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात.

२०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या एक काकू असंच पत्र घेऊन आल्या. आदल्या वर्षी सुरसागरजवळचं त्यांचं जुनं घर विकलं गेलं. मुलाच्या वाट्याचे एक कोटी रुपये बँकेत त्याच्या नावाने ठेवले. काकूंचा प्रश्न अगदी सरळ होता. "तो अमेरिकेत राहतो हे बँकेला ठाऊक आहे. त्याचा पासपोर्ट दिलाय, व्हिसा दिलाय, तिथला पत्ता दिलाय. आता आणखी कसला दाखला?"

हा लेख त्या दाखल्याबद्दल आहे. तो आपलं सरकार देत नाही, अमेरिकेचं कर खातं देतं, आणि मागायचाही त्यांच्याकडेच. कसा मागायचा, तो नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे एकाच घरच्या हिशोबावरून पाहू.

दोन मंडळं, एक वर्गणीदार

एकाच पैशावर दोन सरकारं कर कशी मागतात ते आधी पाहू. बडोद्यातल्या मराठी माणसाला हे गणपतीच्या वर्गणीवरून चटकन कळतं.

समजा, तुम्ही राहता दांडिया बाजारात आणि दुकान आहे रावपुऱ्यात. रावपुऱ्याचं मंडळ म्हणतं, कमाई आमच्या गल्लीत होते, वर्गणी आम्हाला द्या. दांडिया बाजाराचं मंडळ म्हणतं, माणूस आमचा आहे, त्याच्या सगळ्या कमाईवर वर्गणी आमची. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. मरतो तो दुकानदार. मग दोन्ही मंडळांतली जाणती माणसं बसतात आणि ठरवतात: दुकानाच्या गल्लीने शंभरामागे पंधरापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि घरच्या मंडळाने आपली वर्गणी काढताना ते पंधरा वजा करायचे.

भारत आणि अमेरिका यांच्यात नेमका असाच लेखी करार आहे. त्यावर १९८९ साली सह्या झाल्या आणि १९९० साली तो अमलात आला. त्याचं नाव दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार. पुढे नुसतं 'करार' म्हणतो. त्याच्या अकराव्या कलमानुसार अमेरिकेच्या रहिवाशाला भारतात ठेवीवर मिळणाऱ्या व्याजावर भारताने जास्तीत जास्त १५ टक्के कर घ्यायचा. आपल्या वर्गणीच्या गोष्टीत रावपुरा म्हणजे भारत आणि दांडिया बाजार म्हणजे अमेरिका. काकूंना हे उलटं वाटलं, कारण त्यांच्या लेखी मुलाचं घर अजून इथेच आहे. करापुरतं मात्र ते तिकडे गेलेलं असतं.

आता रावपुऱ्याच्या मंडळाने तुम्हाला पंधराची सवलत का द्यावी? तुम्ही खरंच दांडिया बाजाराचे वर्गणीदार आहात हे त्यांना कसं कळणार? तिथल्या मंडळाच्या लेटरहेडवर चिठ्ठी आणा, 'हे आमच्याकडचे आहेत'. ती चिठ्ठी म्हणजेच हा दाखला, टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट.

पासपोर्ट का चालत नाही

तुम्ही कुठले नागरिक आहात हे पासपोर्ट सांगतो. कुठे राहायची परवानगी आहे हे व्हिसा सांगतो. पण कोणत्या देशाच्या कर खात्याच्या वहीत तुमचं नाव 'आमचा रहिवासी' म्हणून लिहिलेलं आहे, हे दोन्हींतून कळत नाही. तिथल्या विवरणपत्राची, म्हणजे टॅक्स रिटर्नची प्रत दाखवली तरी ते तुम्हीच स्वतःबद्दल लिहिलेलं असतं.

२०१२च्या वित्त कायद्याने आपल्याकडे आयकर कायद्याच्या कलम ९०मध्ये स्पष्ट अट आली: कराराचा लाभ हवा असेल तर त्या देशाच्या सरकारने दिलेला रहिवासाचा दाखला हवाच. त्यामुळे बँकेतला माणूस तुमच्या मुलाला बारशापासून ओळखत असला तरी त्याच्या हातात काही नाही. दाखल्याशिवाय कमी कर कापला तर उरलेला कर बँकेकडूनच वसूल होतो.

(१ एप्रिल २०२६पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. मी इथे सांगतोय तो हिशोब २०२४-२५चा, म्हणून जुनेच क्रमांक वापरतो. दाखला, सोबतचं निवेदन आणि कमी दर ही साखळी तीच आहे.)

एक कोटीचा हिशोब

अनिवासी भारतीयाला भारतातली मिळकत विकून आलेले पैसे एनआरओ खात्यात ठेवावे लागतात. परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या एनआरई खात्यावरचं व्याज इथे करमुक्त असतं, एनआरओचं नसतं. एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कापते. आपल्यासारख्या निवासी माणसाला १० टक्के कपातीची सवय असते, म्हणून हा आकडा पहिल्यांदा पाहिला की धक्काच बसतो.

काकूंच्या मुलाची ठेव एक कोटीची, व्याज ७ टक्के, दर तिमाहीला खात्यात जमा. वर्षाचं व्याज ७ लाख.

दाखला नसेल तर कपात २,१८,४०० रुपये. दाखला असेल तर करारातले १५ टक्के, आणि या दरावर वेगळा उपकर लागत नाही. कपात १,०५,००० रुपये. फरक १,१३,४०० रुपयांचा.

इथपर्यंत ऐकून काकू म्हणाल्या, "जास्त कापला तर कापू दे. तो तिकडे वजा करून घेईल ना? त्याचा अमेरिकेतला सीए म्हणालाय की भारतात भरलेला कर वजा मिळतो." बहुतेक घरांत पैसे बुडतात ते इथेच.

अमेरिका जास्तीचा कर का मोजत नाही

मुलगा अमेरिकेचा रहिवासी, म्हणून अमेरिका त्याच्या जगभरच्या कमाईवर कर लावते. बडोद्याचे हे ७ लाखही त्याला तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागतात. (दाखवले नाहीत तरी तिकडे कळतं. २०१५च्या समझोत्यानुसार आपल्या बँकांतली अशा खात्यांची माहिती अमेरिकेला जाते.) समजा, त्याचा वरचा कराचा टप्पा २४ टक्क्यांचा आहे. म्हणजे या व्याजावर अमेरिकेचा कर १,६८,००० रुपये. त्यातून भारतात भरलेला कर वजा करायचा. त्यासाठी तिथे फॉर्म १११६ असतो.

पण अमेरिकेचा नियम म्हणतो, परदेशात जो कर तुम्हाला कायद्याने द्यावाच लागत होता तेवढाच वजा होईल. करारामुळे १५ टक्केच देणं होतं आणि तुम्ही कागद न दिल्यामुळे ३१.२ टक्के गेले, तर वरची रक्कम अमेरिकेच्या लेखी कर नाहीच. ती तुम्ही आपखुशीने दिलेली देणगी. दांडिया बाजाराचं मंडळ म्हणतं, ठरले होते पंधरा. तुम्ही एकतीस दिलेत तर वरचे सोळा त्यांच्याकडूनच मागा.

आकड्यांत मांडू. काहीच केलं नाही, तर भारतात गेले २,१८,४००. अमेरिकेने वजा धरले फार तर १,०५,०००, म्हणून तिथे आणखी ६३,००० भरायचे. एकूण २,८१,४००. दाखला वेळेवर दिला, तर भारतात १,०५,००० आणि अमेरिकेत ६३,०००, एकूण १,६८,०००. तेच व्याज, तोच माणूस, आणि एका कागदापायी १,१३,४०० रुपयांचा फरक.

काही जण म्हणतात, उरलेला कर दहा वर्षं पुढे ओढता येतो. येतो, पण मुळात जो कर म्हणून मान्य झाला तोच. देणगी पुढे ओढता येत नाही.

दाखला मागायचा कसा

अर्जाचा नंबर आहे फॉर्म ८८०२. तो मंजूर झाला की जे पत्र येतं ते फॉर्म ६१६६. बँकेला द्यायचं ते ६१६६. भरलेला ८८०२ बँकेत नेऊन देणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ६१६६ नावाला फॉर्म आहे, प्रत्यक्षात ते अमेरिकेच्या अर्थखात्याच्या लेटरहेडवरचं पाऊण पानाचं पत्र असतं: अमुक व्यक्ती अमुक वर्षासाठी अमेरिकेची करदृष्ट्या रहिवासी आहे.

व्यक्तीसाठी एका अर्जाची फी ८५ डॉलर, म्हणजे सात हजारांच्या वर रुपये. ती Pay.gov वर भरता येते. अर्ज फिलाडेल्फियाच्या कार्यालयात जातो. दाखला हवा त्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा असं ते स्वतःच सांगतात. मी दोन-तीन महिने धरून चालतो.

अर्जातल्या बहुतेक रकान्यांत नाव, पत्ता, कर क्रमांक एवढंच असतं. लोक अडखळतात ते दोन वर्षांपाशी. एका ओळीत विचारतात, दाखला कोणत्या कॅलेंडर वर्षासाठी हवा. पुढच्या ओळीत विचारतात, तो कोणत्या वर्षाच्या विवरणपत्राच्या आधारावर द्यायचा. वाचणाऱ्याला दोन्ही प्रश्न एकच वाटतात आणि तो दोन्हीकडे एकच वर्ष लिहितो.

पण विचार करा. २०२४चा दाखला २०२४च्या मे महिन्यात मागताय. २०२४चं विवरणपत्र अजून भरायचंच आहे, ते भरलं जाईल २०२५मध्ये. कर खातं तुम्हाला रहिवासी कशावरून म्हणणार? हाताशी असलेल्या शेवटच्या विवरणपत्रावरून, म्हणजे २०२३च्या. म्हणून पहिल्या ओळीत 2024 आणि दुसऱ्या ओळीत वर्षअखेरीच्या महिन्यासकट असं:

```
202312
```

शाळेत बोनाफाइड दाखला मागायला गेलं की क्लार्क मागच्या वर्षीची मार्कशीट पाहतो आणि चालू वर्षाचा दाखला देतो, तसंच हे. फक्त चालू वर्षाची मार्कशीट नसल्याने तुमच्याकडून एक हमी लिहून घेतात: मी अमेरिकेचा रहिवासी आहे आणि हे संपूर्ण वर्ष राहीन, चुकीचं असेल तर खोट्या साक्षीची शिक्षा मान्य. ही हमी राहिली की अर्ज अडकतो.

विवरणपत्र नुकतंच भरलं असेल तर ते त्यांच्या यंत्रणेत चढायला वेळ लागतो आणि 'आमच्याकडे नोंद नाही' असं उत्तर येऊ शकतं. त्यावर उपाय त्यांनीच दिला आहे: विवरणपत्राची प्रत जोडा आणि वर `COPY—do not process` असं लिहा, म्हणजे तेच विवरणपत्र दुसऱ्यांदा भरलं असं कुणी समजणार नाही.

सही मुलानेच करायची. काकूंकडे त्याचं मुखत्यारपत्र होतं. घर विकताना, बँकेत, सगळीकडे त्याच कागदावर त्यांनी सह्या केल्या होत्या. बडोद्याच्या नोटरीचं ते मुखत्यारपत्र फिलाडेल्फियात चालत नाही. काकूंना याचं थोडं वाईट वाटलं.

नावाची भानगड

दाखल्यावर नाव येतं ते अमेरिकेच्या विवरणपत्रात असेल तसं. आपल्या पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन अंगं असतात, आणि जुन्या बडोदेकरांच्या कागदांवर तर आडनाव आधी. अमेरिकेत मधलं नाव एका अक्षरावर येतं किंवा गळून जातं. मुलीच्या बाबतीत पॅनवर माहेरचं आडनाव, तिकडे सासरचं. त्यातून नवराबायको तिथे एकत्र विवरणपत्र भरत असतील तर दाखल्यावर दोघांचीही नावं येऊ शकतात, आणि बँक विचारते, ठेव तर एकाच्या नावावर आहे, हे दुसरे कोण?

माझा अनुभव असा की बँकेशी वाद घालण्यापेक्षा पासपोर्टची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला आणि 'ही दोन्ही नावं माझीच' असं सहीचं निवेदन दाखल्याबरोबरच द्यावं. आधी दिलं तर तो पुरावा ठरतो, नंतर दिलं तर सारवासारव वाटते.

दाखल्याबरोबर दुसरा कागद लागतो तो फॉर्म १०एफ. दाखल्यात पत्ता, राष्ट्रीयत्व, कर क्रमांक, कालावधी यांपैकी जे नसेल ते यात भरायचं. तो आपल्याच आयकर पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो, मुलाच्या लॉगिनने. कागदावर भरून सही केलेला १०एफ आता चालत नाही, तरी काही शाखा अजून छापील नमुना हातात ठेवतात.

वर्ष त्यांचं जानेवारीत, आपलं एप्रिलमध्ये

आता काकूंकडे प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो, कारण माझाही थोडा हलगर्जीपणा त्यात होता.

मुलाने मे महिन्यात अर्ज पाठवला. दाखला आला जुलैच्या अखेरीस. तोवर एप्रिल–जूनचं १,७५,००० व्याज जमा होऊन त्यातून ५४,६०० कापलेले होते. बँकेने सांगितलं, कापलेला कर सरकारजमा झाला, आता आमच्या हातात नाही. ते खरंच होतं. पुढच्या दोन तिमाह्यांत १५ टक्क्यांनी २६,२५० कापले गेले. काकू खूश, मीही फाइल कपाटात ठेवली.

मार्चअखेर काकू पासबुक घेऊन हजर. जानेवारी–मार्चच्या व्याजातून पुन्हा ५४,६०० गेले होते. दाखल्यावर वर्ष होतं २०२४. अमेरिकेचं कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. बँकेच्या संगणकात दाखल्याची मुदत ३१ डिसेंबरला संपली आणि १ जानेवारीपासून मुलगा पुन्हा बिनदाखल्याचा झाला. मी बँकेला दोष दिला नाही. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंही. लक्षात राहिलं नाही एवढंच.

वर्षाची कपात झाली १,६१,७००. दाखला सगळ्या वर्षाला पुरला असता तर १,०५,००० झाली असती.

आपल्या एका आर्थिक वर्षासाठी अमेरिकेचे दोन दाखले लागतात, हा यातला मुद्दा. आणि तिथे पुढच्या वर्षाचा दाखला आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरच्या आधी मागता येत नाही. नोव्हेंबरात पाठवलेला अर्ज घेतलाच जात नाही. म्हणून १ डिसेंबर उलटताच पुढच्या वर्षाचा अर्ज टपालात पडायला हवा. तेव्हा कुठे जानेवारी–मार्चच्या व्याजाच्या आत तो हाती येतो. डिसेंबर २०२४मध्ये २०२५चा दाखला मागितला असता तर आधाराचं वर्ष पुन्हा `202312`च लिहायचं होतं, कारण २०२४चं विवरणपत्र तेव्हाही बाकी होतं. तो दाखला मग एप्रिल ते डिसेंबर २०२५लाही कामी येतो. म्हणजे दरवर्षी एकच अर्ज, पण योग्य महिन्यात.

मग जास्तीचे पैसे गेले का?

नाही. ते इथल्या विवरणपत्रातून परत मागता येतात, आणि इथे गोष्ट थोडी वळण घेते.

अनिवासी माणसालाही भारतात कराचे टप्पे लागू होतात. २०२४-२५च्या नव्या पद्धतीत पहिल्या ३ लाखांवर कर नाही, ३ ते ७ लाखांवर ५ टक्के. काकूंच्या मुलाचं भारतातलं उत्पन्न हे ७ लाख एवढंच. त्यावर कर २०,००० आणि उपकर ८००. म्हणजे २०,८००! करारातला १५ टक्के दर ही कमाल मर्यादा आहे. इथला कायदा त्याहून स्वस्त पडत असेल तर तो घ्यायची मोकळीक कलम ९० देतं.

म्हणून कापलेल्या १,६१,७०० पैकी १,४०,९०० परत मागायचे. उत्पन्न ३ लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरणं तसंही बंधनकारक होतं. पुष्कळ घरांत 'बँकेने कापलाय, संपलं' म्हणून ते भरलंच जात नाही.

काकूंचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "मग दाखला कशाला? सरळ परतावाच मागू."

दाखला कुणाला परवडतो

प्रश्न चुकीचा नाही. दाखला आणि परतावा दोन्ही असताना दाखल्याने वाचतं काय? वर्षभर १,१३,४०० रुपये सरकारकडे अडकत नाहीत, इतकंच. त्यावरचं वर्षाचं व्याज आठ हजारांच्या आसपास, आणि फी सात हजारांच्या वर. एक कोटीच्या ठेवीला जेमतेम बरोबरी होते. ठेव पंधरा-वीस लाखांची असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर मी स्वतः दाखल्याच्या फंदात पडू नका असं सांगतो. वेळेवर विवरणपत्र भरा आणि परतावा घ्या.

उलट, व्याज मोठं असेल तर पारडं फिरतं. २०२४-२५च्या टप्प्यांनी साधारण २० लाख व्याजापर्यंत इथले टप्पे स्वस्त पडतात आणि त्यापुढे करारातले १५ टक्के. २०२५-२६पासून टप्पे सैल झाले, त्यामुळे ही रेघ २७ लाखांच्या आसपास गेली. ज्यांच्या दुकानाचं भाडं किंवा दुसरं उत्पन्न आधीच टप्पे खाऊन बसलंय, त्यांना ती बरीच आधी लागते. तिथे दाखला नसेल तर विवरणपत्रातही १५ टक्के मागता येत नाहीत, आणि मग नुकसान कायमचं.

आणि एक गोष्ट काकूंना मी दोनदा सांगितली. इथला परतावा हा मुलाचा नफा नाही. भारताचा अंतिम कर २०,८०० ठरला की अमेरिकेत वजाही तेवढाच मिळणार, आणि तिथे १,४७,२०० भरावे लागणार. बेरीज पुन्हा १,६८,०००च. परत मिळणं उघड दिसत असलेली रक्कमही अमेरिका कर म्हणून धरत नाही, म्हणून 'इथे परतावा मागायचा नाही, तिथे पूर्ण वजा दाखवायचं' ही युक्तीही चालत नाही. अमेरिकेतला माणूस कितीही हुशारीने वागला तरी त्याच्या एकूण कराचा आकडा अमेरिकेच्या दरापेक्षा खाली येत नाही. दाखला आणि विवरणपत्र यांचं काम तो आकडा त्याच्या वर जाऊ न देणं, एवढंच.

तो परत आला तर?

गेल्या डिसेंबरात काकूंनी मला आठवण करायची वेळ येऊ दिली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात १ तारखेला लाल गोल होता आणि मुलाला फोनही झाला होता. पण त्यांनी आणखी एक बातमी आणली: तो पुढच्या ऑगस्टमध्ये ग्रीन कार्ड परत करून कायमचा बडोद्याला यायचं म्हणतोय.

मी अर्ज थांबवायला सांगितलं. हमीत लिहावं लागतं की संपूर्ण वर्ष मी अमेरिकेचा रहिवासी राहीन, आणि हे माहीत असताना ती सही करणं म्हणजे खोटी साक्ष. अशा वर्षासाठी त्याच अर्जात वेगळा पर्याय असतो, अर्धं वर्ष तिकडचा आणि अर्धं बाहेरचा अशा माणसाचा. त्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रहिवासी असं लिहायचं, आणि दाखला तेवढ्याच काळाचा मागायचा. तो इथे येऊन राहिला की एनआरओ खातं साधं करून घ्यावं लागेल, कपात १० टक्क्यांवर येईल आणि फिलाडेल्फियाशी संबंध उरणार नाही.

"म्हणजे मग तो दांडिया बाजारच्या मंडळाचा," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझं उदाहरण उलटं धरलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.